पेजवर गिऱ्हाईकाला उत्तर देताना 'तू', 'तुम्ही' की 'आपण'? (बेळगाव, निपाणी, खानापूर पट्टा)

गणपतगल्ली

मिठाईच्या दुकानाचं पेज बघतो. फेसबुक आणि इन्स्टा दोन्हीकडे मराठीत कमेंटी येतात, कन्नडमध्येही येतात, पण प्रश्न मराठीचा आहे. उत्तरं तिघं जण देतात. एक 'तुम्ही' लिहितो, एक 'आपण', आणि तिसरा तरुण आहे, तो ओळखीच्या पोरांना सरळ 'तू' म्हणतो. एकाच पोस्टखाली तीन तऱ्हा दिसतात. नमुना म्हणून परवाची कमेंट देतो:

"दोन डबे कुंदा मागवलो होतो, एक डबा फुटून आलाय. पैसे घेताना बरं गोड बोलतासा."

त्यावर आमच्याकडून गेलेलं उत्तर:

"नमस्कार जी, आपल्याकडून पॅकिंग नीट न झाल्यामुळे आपल्याला त्रास झाला याबद्दल क्षमस्व. आपण दिलेला पत्ता व फोटो तपासून आपण लवकरच नवीन डबा पाठवू. कृपया आपला नंबर तुमच्या इनबॉक्समधून पाठवा."

त्याखाली एकानं विचारलंय, "पॅकिंग त्यानं केलं होतं काय?" आणि चाळीस जण हसलेत. आम्हाला वाटलं होतं 'आपण' म्हणजे सगळ्यात आदराचं, त्यात काय चुकणार. नक्की बिघडलं कुठं, आणि तिघांना मिळून एकच नियम द्यायचा तर कोणता द्यावा?

खडेबाजार

नियम सोपा आहे. लहानाला 'तू', बरोबरीच्याला 'तुम्ही', आणि गिऱ्हाईक हा मोठा, म्हणून 'आपण'. लग्नपत्रिकेत 'आपण सहकुटुंब यावे' लिहितोच की. तुमचं वाक्य जरा लांबलं एवढंच, 'आपण' बरोबरच आहे. 'तुम्ही' लिहिलं तर शिकलेल्या माणसाला खटकतं.

अनुस्वार

पत्रिकेपुरतं खडेबाजार यांचं बरोबर आहे, तक्रारीच्या उत्तरात मात्र तेच 'आपण' घात करतं.

मराठीत 'आपण' हा एक शब्द तीन कामं करतो. समोरच्याला मान देऊन 'आपण बसा' म्हणतो. बोलणारा आणि ऐकणारा मिळून 'आपण जाऊया' म्हणतो. आणि कुणाही माणसाबद्दल 'आपण चांगलं वागावं' असं मोघम म्हणतो. पत्रिकेत घोटाळा होत नाही, कारण यायचं कुणी हे ठरलेलं आहे. दुकानाच्या तक्रारीत मात्र दोन बाजू असतात, एक चूक करणारी आणि एक सोसणारी. तिथं कोण कोण हे क्रियापदाच्या शेपटीवरून ओळखावं लागतं, आणि ती शेपटी प्रत्येक वाक्यात असतेच असं नाही.

आता तुमचं उत्तर घ्या. त्यात 'आप'पासून सुरू होणारे पाच शब्द आहेत. 'आपल्याकडून पॅकिंग' म्हणजे दुकानाकडून. 'आपल्याला त्रास' म्हणजे गिऱ्हाईकाला. 'आपण दिलेला पत्ता' पुन्हा गिऱ्हाईक. 'आपण पाठवू' पुन्हा दुकान. 'आपला नंबर' गिऱ्हाईकाचा. लिहिणाऱ्याच्या डोक्यात माणूस तीन वेळा बदलला, शब्द मात्र तोच राहिला. वाचणाऱ्यानं पहिलं 'आपल्याकडून' मानाचं धरलं की वाक्याचा अर्थ होतो: पॅकिंग तुम्ही नीट केलं नाहीत म्हणून तुम्हाला त्रास झाला. चाळीस जण उगाच हसले नाहीत.

शेवटी वर 'तुमच्या इनबॉक्समधून' आहेच. 'तुम्ही आपला नंबर पाठवा' हे मराठीला चालतं, कारण तिथं 'आपला' म्हणजे स्वतःचा. उलटं चालत नाही. 'आपण तुमचा नंबर पाठवा' म्हटलं की अर्ध्या वाक्यात मान काढून घेतल्यासारखं वाटतं.

निपाणीकर_९

एवढं व्याकरण कोण बघतंय. इन्स्टावर सगळी पोरं असतात. 'तू' लिहा, जवळीक वाटते. मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिरातीत 'तुझी स्टाईल, तुझा रंग' असंच असतं.

अनुस्वार

जाहिरात एकाच वेळी हजारोंना उद्देशून असते, तिथलं 'तू' कुणा एकाला लागत नाही. कमेंटला दिलेलं उत्तर एका नावाच्या माणसाला जातं आणि बाकीचे ते वाचतात. त्या पोराची मावशी, मास्तर, शेजारी त्याच धाग्यात असतात. दुकानात गल्ल्यावर बसून 'काय रे, काय पाहिजे तुला' म्हणणं वेगळं, तिथं चेहरा असतो, हसणं असतं, ओळख असते. लिहिल्यावर नुसतं 'तुला' उरतं.

आणि 'तू'ची एक अडचण आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. 'तू'बरोबर क्रियापद लिंग मागतं. 'तू आलास' की 'तू आलीस'? 'तू करतोस' की 'तू करतेस'? किरण, शीतल ही नावं मुलाचीही असतात, मुलीचीही. प्रोफाइलला फोटो गणपतीचा. आता काय लिहिणार? 'तुम्ही आलात', 'तुम्ही करता' यात हा प्रश्नच येत नाही. 'तुम्ही' आदरासाठी तर आहेच, पण पेजवाल्याला तो अंदाज बांधण्यापासूनही वाचवतो.

खानापूरची

याला आपल्या भागातलं एक जोडा. वरची कमेंट 'मागवलो होतो' अशी आहे. पुण्याकडचा माणूस 'मागवलो' वाचून लगेच पुरुष ठरवतो आणि 'दादा' लिहून मोकळा होतो. बेळगाव-कोल्हापूरकडं बायकासुद्धा 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, घरोघरी म्हणतात. आणि छापील मराठीत 'मी दोन डबे मागवले' असं होतं, तिथं क्रियापद डब्यांप्रमाणं चालतं, बोलणाऱ्याप्रमाणं नाही. इथं ते बोलणाऱ्याला जोडून 'मी मागवलो', 'मी काम केलो' असं बोलतात. त्यामुळं क्रियापदावरून बाई की पुरुष हे ठरवायला जाऊ नका, हमखास चुकेल.

म्हणून दादा, ताई, भाऊ, अक्का हे उत्तरात आपणहून घालू नये असं माझं मत. गिऱ्हाईकानं स्वतः 'मी दोन पोरांची आई' असं काही लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी.

टिळकवाडी_तिसरं_गेट

मला वाटतं मूळ प्रश्नच चुकलाय. मराठीत उत्तर दिलं तर उद्या कुणी येऊन भांडणार. पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे असा कायदा आहे, मग पेजवर काय? आणि दुकानाचा पत्ता लिहिताना बेळगाव लिहायचं की बेळगावी?

गणपतगल्ली

साहेब, ६० टक्क्यांचं कलम दुकानाच्या पाटीचं आहे. इथं मराठीत आलेल्या कमेंटला मराठीत कसं बोलायचं एवढंच विचारलंय. कन्नड कमेंटला आम्ही कन्नडमध्येच उत्तर देतो. नावाचं म्हणाल तर १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी आहे, म्हणून बिलावर आणि पार्सलवर तेच जातं. मराठी उत्तरात लोक 'बेळगाव' लिहितात तसं आम्हीही लिहितो. पाट्यांसाठी वेगळा धागा काढा, इथं नको.

दोन्हीकडचा

मी कन्नड आणि मराठी दोन्हीत असलीच उत्तरं तपासतो. तुमचा 'आपण'वाला लिहिणारा घरी कन्नड बोलणारा आहे काय? असेल तर चूक कुठून आली ते सांगता येईल.

कन्नडमध्ये 'नीनु' म्हणजे तू, 'नीवु' म्हणजे तुम्ही, आणि त्याच्या वर 'तावु'. हा 'तावु' आपल्या 'आपण'सारखाच आहे, मान देतानाही वापरतात आणि 'स्वतः' या अर्थानंही. त्यामुळं कन्नड माणूस 'तावु' बरोबर 'आपण' असं डोक्यात बसवतो, आणि ते दोन-तृतीयांश खरंही आहे. उरलेला तिसरा भाग निसटतो. 'तावु'चा अर्थ 'तू आणि मी मिळून' असा कधी होत नाही. 'आपण'चा होतो.

दुसरं टोकही आहे. कन्नडमध्ये आम्ही आणि आपण या दोन्हींना एकच 'नावु'. मराठीत 'आम्ही पाठवू' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण पाठवू' म्हटलं की तोही पाठवणाऱ्यांत येतो. 'नावु कळिसुत्तेवे' डोक्यात ठेवून मराठी लिहिणारा कधी आम्ही लिहितो, कधी आपण, त्याला फरक जाणवत नाही. फुटलेला डबा बदलून पाठवायला गिऱ्हाईकालाही सोबत घ्यायचं असा अर्थ होतोय हे त्याच्या गावीही नसतं.

म्हणून दोन्ही भाषांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवता तेव्हा 'नीवु'समोर 'तुम्ही' आणि दुकानाच्या 'नावु'समोर नेहमी 'आम्ही' अशी जोडी लावा. कन्नडमध्येही गिऱ्हाईकाला रोजच्या उत्तरात 'नीवु'च असतं, 'तावु' भाषणात आणि निमंत्रणात.

गणपतगल्ली

बरोबर ओळखलंत, तो घरी कन्नड बोलतो. मराठी उत्तम लिहितो, म्हणूनच कुणाला शंका आली नाही.

पण मग 'आपण' अजिबात बंद करायचं? आमची साठवून ठेवलेली साठेक उत्तरं आहेत, त्यातल्या निम्म्यांत तरी 'आपण' आहे.

अनुस्वार

बंद करू नका, तपासा. प्रत्येक 'आपण' काढून तिथं आधी 'तुम्ही' घालून वाचा, मग 'आम्ही' घालून वाचा. क्रियापदाला हात लावायचा नाही. एकच वाचन जुळलं तर वाक्य सुरक्षित. दोन्ही जुळली तर ते वाक्य कधीतरी अंगावर येणार.

'आपण ऑर्डर कुठवर आली ते बघू शकता.' इथं 'तुम्ही बघू शकता' जुळतं, 'आम्ही बघू शकता' जुळत नाही. सुरक्षित. पण 'शकता'चं चुकून 'शकतो' झालं की एका अक्षरानं माणूस बदलला. 'पाठवाल' आणि 'पाठवू', 'आलात' आणि 'आलो' यांचंही तसंच.

आता 'आपण पैसे दिले.' तुम्ही पैसे दिले? जुळतं. आम्ही पैसे दिले? तेही जुळतं. कारण क्रियापद पैशाप्रमाणं चाललंय, देणाऱ्याची खूण त्यावर नाही. ती खूण पूर्वी 'त' करायचा: 'आपण पैसे दिलेत', 'आपण ऑर्डर दिलीत'. हा 'त' लिहिला की समोरचाच माणूस, दुसरा अर्थ निघत नाही. हल्ली तो गळतो. पैसे परत करण्याच्या वादात 'आपण पैसे दिले होते' असं दुकानानं लिहिलं तर ते कबुली आहे की दावा, हे कुणालाच कळणार नाही.

सगळ्यात वाईट 'आपण दिलेला पत्ता', 'आपण पाठवलेला फोटो', 'आपल्या चुकीमुळे' हा प्रकार. तिथं क्रियापदाची शेपटीच नसते, म्हणून खूणही नसते. असल्या जागी 'तुम्ही दिलेला', 'तुम्ही पाठवलेला', 'आमच्या चुकीमुळे' एवढंच लिहायचं, दुसरा इलाज नाही.

खडेबाजार

म्हणजे शेवटी 'तुम्ही'वरच आणलंत. मला अजून वाटतं वयस्कर गिऱ्हाईकाला 'तुम्ही' कोरडं लागतं.

अनुस्वार

'तुम्ही'त मान पुरेपूर आहे. आपण सासऱ्यांना, मास्तरांना, डॉक्टरला 'तुम्ही'च म्हणतो. 'आपण' त्याच्या वरची पायरी आहे हे खरं, पण रोजच्या बोलण्यात ती पायरी लोक चढत नाहीत, म्हणून लिहिण्यात ती दिसली की बँकेची नोटीस आल्यासारखं वाटतं. 'आपणास कळविण्यात येते की' हे वाचून कुणाला आपुलकी वाटली आहे?

आणखी एक धोका. आधीच्या दोन उत्तरांत 'तुम्ही' म्हणत होतात, आणि गिऱ्हाईक चिडल्यावर तिसऱ्यात एकदम 'आपण' केलंत, तर तो टोमणा होतो. 'आपण फार जाणकार दिसता' हा सूर मराठी माणूस बरोबर ओळखतो. तेव्हा जे धराल ते धागा संपेपर्यंत धरा. गिऱ्हाईकानं 'काय रे, पैसे खाल्लास काय' म्हटलं तरी तुमच्याकडून 'तुम्ही'च, आणि 'नीट बोला' हा उपदेश नको.

घटप्रभा

आमची पतसंस्था आहे. आम्ही वर्षानुवर्षं 'आपली संस्था', 'आपण सभासद' असंच लिहितो. या हिशेबानं ते चूक काय? संस्था सभासदांचीच असते.

अनुस्वार

चूक नाही. तुमच्याकडं 'आपली संस्था' खरोखरच आपली आहे, सभासद आणि चालवणारे दोघंही त्यात येतात. अडचण पुढच्या वाक्यात येते. 'आपली संस्था प्रगतिपथावर आहे, आपले कर्ज थकले आहे.' पहिल्या 'आपली'त सगळे, दुसऱ्या 'आपले'त एकटा तो. वाचणारा एका दमात वाचतो, आणि संस्थेचंच कर्ज थकलं असं कुणी समजलं तर उद्या ठेवी काढायला रांग लागेल.

सगळ्यांची ती 'आपली संस्था', एकट्याचं ते 'तुमचं खातं' अशी वाटणी करून टाका. सभेच्या सूचनेत तर सर्वनाम लागतच नाही, 'सभासदांनी उपस्थित राहावे' पुरतं. (थकबाकीचं उत्तर कमेंटमध्ये मुळात नकोच, 'तुम्ही' घालूनसुद्धा नको. शाखेत बोलवा.)

दोन्हीकडचा

सर्वनाम लागत नाही, हे पेजवाल्यांनाही लागू आहे. मराठीत 'पाठवा' म्हटलं की तुम्ही आलंच, 'पाठवतो' म्हटलं की आम्ही आलं. इंग्रजीवरून उतरवलेली उत्तरं असतात त्यांतच दर वाक्याला 'आपण आपल्या आपला' येत राहतं, कारण तिथं 'यू' आणि 'युवर' सहसा गाळता येत नाही. आपल्याला गाळता येतं. गणपतगल्लींचं उत्तर असं होईल:

"नमस्कार. पॅकिंग आमच्याकडूनच नीट झालं नाही, माफ करा. फुटलेल्या डब्याचा फोटो आणि ऑर्डर नंबर इनबॉक्समध्ये टाका. दुसरा डबा उद्या पाठवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत."

यात गिऱ्हाईकासाठी एकही सर्वनाम नाही, तरी उद्धट वाटत नाही. 'आमच्याकडूनच' मात्र मुद्दाम ठेवलंय. चूक कुणाची हे सांगताना सर्वनाम गाळलं तर अंग काढून घेतल्यासारखं दिसतं. 'पॅकिंग नीट झालं नाही' एवढंच लिहिलं तर ते काय आपोआप बिघडलं?

'जी' काढलाय, तो हिंदीचा. मराठीत 'नमस्कार' एकटा पुरतो. 'कृपया'ही काढला, 'टाका'मध्ये मान आहे. फारच मऊ करायचं असेल तर 'टाकाल का?' करा. 'टाकावा' नको, तो अर्जातला.

निपाणीकर_९

'टाका' हुकूम दिल्यासारखं वाटतं. बेळगावात बोलतो तसं लिहा की, 'फोटो टाका की, लगेच बघतो'. गिऱ्हाईक 'बोलतासा' लिहितंय तर आपणही 'काळजी करू नकासा' लिहायचं. आपल्यातला वाटेल.

मुळामुठा

पुण्याहून वाचतोय, बेळगावचा माल मागवतो म्हणून या धाग्यात डोकावलो. 'टाका की' इकडं वाचलं तर 'अजून टाकला नाहीत? टाका की!' असं वाटतं, म्हणजे वैतागल्यासारखं. तिकडं तसं नसतं हे आत्ता कळलं.

खानापूरची

इकडं 'की' मायेचा आहे, 'बसा की, चहा घ्या की'. पण मुळामुठा म्हणतात ते खरं, पार्सल पुण्या-मुंबईलाच जास्त जातात.

'करू नकासा'चं मला नको वाटतं, कारण वेगळं आहे. गिऱ्हाईक रागात 'बोलतासा' म्हणालं आणि दुकानानं लगेच तसंच शेपूट लावलं, तर नक्कल केल्यासारखं होतं. गोड बातमीच्या पोस्टवर चालेल. तक्रारीवर सरळ छापील मराठी बरी, फक्त 'झालं', 'पाठवतो' असं बोलतं ठेवा, 'झाले', 'पाठविण्यात येईल' नको.

निपाणीकर_९

नक्कल कशी? आमच्या घरी असंच बोलतात. छापील बोलणारा तोच परका.

खानापूरची

घरी बोलतात म्हणूनच तर. दुकानाच्या लोगोमागून कोण बोलतंय ते दिसत नाही. निपाणीचा माणूस 'नकासा' लिहितोय की बंगळूरचा कुणी शिकवल्याप्रमाणं लिहितोय, हे वाचणाऱ्याला कसं कळणार? असो, यावर तुमचं-माझं जमणार नाही.

गणपतगल्ली

साठ उत्तरं आता एकेक तपासायची आहेत. शीटमध्ये आहेत. मिसळ झालेली पटकन शोधता येतील काय?

दोन्हीकडचा

उत्तरं A रकान्यात असतील तर शेजारच्या रकान्यात हे टाका आणि खाली ओढा:

```
=AND(REGEXMATCH(A2,"आपण|आपल"),REGEXMATCH(A2,"तुम्ही|तुम्हा|तुमच"))
```

TRUE आलं ते उत्तर हातानं वाचायचं. 'आपल' अर्धाच ठेवलाय, म्हणजे आपला, आपली, आपल्या सगळे सापडतात. 'तुमच'चंही तसंच.

अनुस्वार

चाळणी म्हणून ठीक आहे, पण दोन गोष्टी धरून चाला. 'तुम्ही आपला नंबर पाठवा' हे बरोबर वाक्यही ती पकडेल. आणि जे सगळ्यात धोक्याचं आहे, ज्यात 'तुम्ही' एकदाही नाही आणि 'आपण'च दोन माणसांसाठी आलंय, ते तिच्यातून निसटेल. त्यासाठी 'आपण' आणि 'आपल' असलेली उत्तरं वेगळी काढून वर सांगितलेली 'तुम्ही-आम्ही' अदलाबदल करावीच लागेल. साठ म्हणजे एका दुपारचं काम.

आधीच गेलेल्या उत्तरांना हात लावताना जपून. फेसबुकवर कमेंट दुरुस्त केली की तिथं तशी खूण राहते आणि जुना मजकूर कुणालाही उघडून बघता येतो. 'आपल्याकडून'चं गुपचूप 'आमच्याकडून' केलंत तर हसणाऱ्यांना दुसरं निमित्त मिळेल. खाली नवीन उत्तर द्या, 'वरच्या उत्तरात आमचा शब्द चुकला, पॅकिंगची चूक आमचीच', आणि पुढं चला.

खडेबाजार

बरं, मी मागं येतो, तक्रारीला 'तुम्ही'. पण दिवाळीच्या पोस्टवर 'आपण सर्वांना शुभेच्छा' तरी राहू दे.

अनुस्वार

राहू दे, पण 'आपणां सर्वांना' किंवा 'तुम्हां सर्वांना' करा. 'आपण सर्वांना शुभेच्छा' वाचताना वाटतं, आपण मिळून दुसऱ्या कुणाला तरी देतोय.

गणपतगल्ली

तिघांसाठी हे लिहून भिंतीला लावतोय. गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही, दुकान म्हणजे आम्ही. चालेल तिथं दोन्ही गाळायचं, चूक सांगताना 'आमच्याकडून' गाळायचं नाही. 'आपण' फक्त निमंत्रणात आणि सणाच्या शुभेच्छांत. 'तू' कुणालाच नाही, सख्ख्या मित्रालाही नाही, त्याला फोन कर. दादा-ताई नाही. 'की' आणि 'नकासा'चं घरात अजून भांडण चालू आहे.

नेहमीचं शेवटचं वाक्य मात्र ठेवतोय: "आपल्या दुकानात पुन्हा या." हे चालेल ना? इथं 'आपल्या' मुद्दाम सगळ्यांचं.

घटप्रभा

हे आवडलं. 'आमच्या दुकानात या' म्हटलं की उंबऱ्याबाहेर उभं केल्यासारखं वाटतं.

खानापूरची

किरकोळ गिऱ्हाईकाला छान. पण तुमच्याकडून घाऊक माल घेणारे बेकरीवाले, हॉटेलवाले पण त्याच पेजवर असतात. त्यांना "आपल्या दुकानात माल पोचला" लिहिलंत तर माल कुणाच्या दुकानात आहे?

गणपतगल्ली

मागच्या महिन्याच्या उत्तरांत हे वाक्य चार ठिकाणी आहे, आत्ता बघितलं. घाऊकवाल्यांची उत्तरं वेगळ्या शीटमध्ये काढतो.